रिसेप्शनला पहिलं नाव कुणाचं घ्यावं?

«माझ्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात कोल्हापुरात आहे. जावई धारवाडचे, घरी कन्नड बोलतात. त्यांचे वडील हयात नाहीत. सकाळच्या विधींना थोरले काका-काकू बसणार आहेत. संध्याकाळी त्याच कार्यालयात आमच्याकडून रिसेप्शन आहे, धारवाडहून दोन बसगाड्या येतील. मुलीचा हट्ट आहे की बाबांनी स्टेजवरून दोन शब्द बोलून पाहुण्यांचं स्वागत करावं. मी आयुष्यभर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं, माईक कधी हातात धरला नाही. सुरुवात लिहायला बसलो तर नावांचीच यादी बेचाळीसवर गेली. मेहुणे म्हणतात, आधी आमदार आणि चेअरमन साहेबांची नावं घ्या, नाहीतर ते नाराज होतील. सौ. म्हणते, व्याह्यांची आधी. पण व्याही नाहीत, मग कुणाची? आणि मुलीचं नाव घेताना माझा गळा दाटून येतो, त्याचं काय करू?»
— एक वधूपिता, कोल्हापूर

नमस्कार काका,

पहिलं नाव विहीणबाईंचं घ्या. त्यांच्याआधी कुणाचंही नाही, देवाचं नाव घेणार असाल तर तेवढंच. बाकी सगळं या एका गोष्टीवरून ठरत जाईल, म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

लग्नांमध्ये निवेदन करताना मी एक चित्र फार वेळा पाहिलं आहे. नवऱ्या मुलाची आई नवरा गेलेली असेल तर सकाळच्या विधींत दीर-जाऊ पाटावर बसतात, ओवाळायला दुसरी सवाष्ण पुढे होते, आणि ज्या बाईने मुलाला वाढवलं ती मांडवात तिसऱ्या रांगेत बसून सगळं पाहत असते. कुणी तिला मुद्दाम मागे ढकललेलं नसतं. ती स्वतःच मागे सरते, कारण आपण पुढे गेलो तर कुणीतरी काहीतरी बोलेल ही भीती तिच्या मनात असते. तुमच्या जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना अवमानकारक ठरणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सगळ्या राज्याने त्याची दखल घेतली. पण ठराव मांडवापर्यंत पोहोचायला यजमानाने काहीतरी करावं लागतं. सकाळी विधी कसे व्हावेत हे त्यांचं घर ठरवेल, तिथे तुम्ही बोलू नका. संध्याकाळचं स्टेज मात्र तुमचं आहे. तुम्ही यजमान आहात आणि यजमानाने पहिलं कुणाला बोलवायचं हे यजमानच ठरवतो.

यासाठी चार-आठ दिवस आधी विहीणबाईंना फोन करा. तुमच्याऐवजी सौभाग्यवतींनी केला तर अधिक बरं, बायका एकमेकींशी मोकळं बोलतात. विचारायचं एवढंच की, संध्याकाळी स्वागताच्या वेळी तुम्ही आमच्याबरोबर स्टेजवर उभ्या राहाल का, आणि तुमच्या यजमानांचं नाव घेतलेलं तुम्हाला चालेल का. दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. काहींना वाटतं की आजच्या दिवशी त्यांचं नाव सगळ्यांसमोर यायलाच हवं. काहींना ते ऐकलं की पुढचा सगळा समारंभ जड जातो. त्या जे म्हणतील तेच करा. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्या यजमानांसाठी एकच वाक्य ठेवा, दुसरं नको, आणि ते वाक्य दुःखाचं न ठेवता ओळख देणारं ठेवा. ‘आज ते असते तर’ अशी सुरुवात केलीत की समोरच्या पन्नास माणसांचे डोळे भरतात आणि विहीणबाईंना स्टेजवर सर्वांदेखत रडू आवरत बसावं लागतं. त्याऐवजी ‘ज्यांनी हे घर उभं केलं ते अमुक अमुक’ असं म्हणा. त्यांच्या घरचा मान राहतो आणि प्रसंग पुढे सरकतो.

आणखी एक बारीक गोष्ट. निवेदक किंवा कार्यालयाचा माणूस कागदावरची नावं वाचताना तुमच्या पत्नीला ‘सौ.’ आणि विहीणबाईंना ‘श्रीमती’ म्हणेल. दोन्ही उपाध्या पाठोपाठ आल्या की फरक सगळ्या हॉलला ऐकू येतो. तुम्ही दोघींची नावं सारख्याच पद्धतीने घ्या, नुसतं नाव आणि पुढे ‘ताई’ किंवा ‘बाई’. त्यांच्या माणसांत त्यांना काय म्हणतात ते जावयांना विचारा. अव्वा म्हणत असतील, अक्का म्हणत असतील, तेच म्हणा.

दुसरं नाव जावयांच्या थोरल्या काकांचं. वडिलांच्या जागी उभं राहून त्यांनी लग्न पार पाडलंय, त्यांचा उल्लेख व्हायलाच हवा, आणि काकूंचा त्यांच्याबरोबरच. तिसरं नाव दोन्ही घरांत मिळून वयाने सगळ्यात मोठं जे माणूस त्या संध्याकाळी हजर असेल त्याचं, मग ते तुमच्याकडचं असो की त्यांच्याकडचं. इथे थांबायचं.

आता तुमची बेचाळीस नावं. एक नाव ‘आदरणीय’, ‘मान्यवर’, पद आणि आडनावासकट घ्यायला पाच-सहा सेकंद जातात. बेचाळीस नावांना चार मिनिटं लागतील, आणि त्यातली निम्मी माणसं धारवाडच्या पाहुण्यांना ठाऊकही नसणार. पण वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. तुम्ही तीनच नावं घेतलीत तर उरलेल्यांपैकी कुणालाच आपलं नाव राहिलं असं वाटत नाही, कारण ती तीन नावं का घेतली हे लहान पोरालाही कळतं. बेचाळीस घेतलीत तर त्रेचाळिसावा माणूस रुसतो, आणि तो रुसवा पुढे प्रत्येक बारशाला आणि वर्षश्राद्धाला निघतो. यादी जितकी लांब तितकं वगळलं जाणं ठळक होतं. म्हणून माणसांना नावाने न बोलावता गावाने आणि नात्याने बोलवा. ‘धारवाड-हुबळीहून आलेली मंडळी’, ‘दोन्हीकडचे मामा-मामी, आत्या, मावश्या’, ‘कारखान्यातले माझे सहकारी’, ‘आमच्या गल्लीतली आणि तालमीतली मंडळी’. प्रत्येकजण यातल्या कुठल्यातरी एका शब्दात बसतो आणि आपली हाक आली की मान वर करतो. लिहून झालं की पाहुण्यांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक नावावर बोट ठेवून पाहा की हा माणूस कुठल्या हाकेत आला. एखादा कशातच बसत नसेल, समजा मुलीच्या पुण्याच्या ऑफिसमधल्या मैत्रिणी, तर त्यांच्यासाठी चार शब्दांची जागा करा. जावयांच्या मित्रांचं तसंच.

आमदार आणि चेअरमन साहेबांविषयी मेहुण्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडे ती रीत पडली आहे आणि त्या माणसांशी तुम्हाला उद्याही संबंध ठेवायचा आहे. पण त्यांचं स्वागत तुमच्या भाषणात नको. एकतर ते किती वाजता येतील हे कुणीच सांगू शकत नाही, आणि त्यांच्यासाठी भाषण थांबवलंत तर धारवाडची माणसं उगाच ताटकळतील. दुसरं म्हणजे लग्न त्यांच्या घरचं नाही. ही जबाबदारी मेहुण्यांकडेच सोपवा. ते नवरीचे मामा आहेत, दारात उभं राहून मोठ्या पाहुण्यांना हाताला धरून आत आणायचा मान त्यांचाच. पाहुणे आले की मामांनी निवेदकाला खूण करायची, निवेदकाने एका वाक्यात स्वागत करायचं, शाल-श्रीफळ द्यायचं असेल तर ते पहिल्या रांगेतच द्यायचं, स्टेजवर नाही. त्यांना मनोगत व्यक्त करायची विनंती मात्र कुणी करू नये, हे निवेदकाला आधीच सांगून ठेवा. एकाला दिलं की दुसऱ्यालाही द्यावं लागतं, आणि ती पाच-पाच मिनिटांची दोन भाषणं संपेपर्यंत जेवणाचे भात गार होतात.

भाषण कधी करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. आपल्या रिसेप्शनला लोक सात ते साडेनऊ असे येत-जात असतात, सगळे एका वेळी कधीच नसतात. एकदा का वधू-वर स्टेजवर बसले आणि फोटोची, आहेराची रांग लागली की मग बोलण्यात अर्थ नाही. रांगेतल्यांचं लक्ष स्टेजवर असतं, फोटोग्राफर ओरडत असतो आणि निम्मे लोक जेवायला गेलेले असतात. तुमच्या बाबतीत घड्याळ बसगाड्यांकडे पाहून लावा. त्या रात्रीच परत निघणार असतील तर निपाणी, बेळगाव, कित्तूर करत धारवाडला पोहोचायला त्यांना मध्यरात्र होईल, म्हणजे आठ-सव्वाआठला ती मंडळी जेवायला बसायला हवीत. म्हणून धारवाडची मंडळी हॉलमध्ये बसली, पाणी-सरबत फिरलं, की साडेसातच्या सुमारास वधू-वरांना स्टेजवर आणा, ते उभे असतानाच बोला, आणि तुमचं शेवटचं वाक्य संपल्यावरच रांग सुरू होऊ द्या. हे निवेदक, फोटोग्राफर आणि वाजंत्रीवाले या तिघांनाही वेगवेगळं सांगावं लागतं. एकाला सांगितलं की बाकीच्यांना कळतं असं कधीच होत नाही.

मुलीच्या बापांच्या तोंडी काही जुनी वाक्यं ठरून गेली आहेत. ‘आमची लेक पदरात घ्या’, ‘गरिबाची सेवा गोड मानून घ्या’, ‘काही चुकलंमाकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा’. ही वाक्यं बोलू नका, असं मी तुम्हाला आग्रहाने सांगते. ती बोलणाऱ्यांचं मन वाईट नसतं. पण ती वाक्यं मुलीच्या बापाला खालच्या पायरीवर उभं करतात, आणि स्टेजवर उभी असलेली तुमची शिकलेली, कमावती मुलगी ती ऐकत असते. तिच्या सासरच्या माणसांनाही त्यातून पहिल्याच दिवशी एक चुकीची समजूत मिळते. नम्रता दाखवायची तर काम करून दाखवा. पाहुण्यांना पाणी मिळालं का, म्हाताऱ्यांना खुर्ची मिळाली का, बसच्या ड्रायव्हरांचं जेवण झालं का, हे विचारा, माईकवरूनही विचारा. ‘आम्ही मुलगी दिली’ याच्या जागी ‘या दोघांनी एकमेकांना निवडलं आणि आम्हा दोन्ही घरांना ते मनापासून आवडलं’ असं म्हणता येईल, तसं असेल तर.

कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलाच. कोल्हापुरात राहून कन्नड कानावर पडलेलं असतं, जीभ फार अडखळणार नाही. सुरुवातीला ‘एल्लरिगू नमस्कार’ म्हणा, म्हणजे सगळ्यांना नमस्कार. शेवटी ‘ऊटा माडकोंडे होगबेकु’ म्हणा, म्हणजे जेवूनच जायचं. दोनच पुरेत. संपूर्ण भाषण दोन्ही भाषांत करायचा किंवा शेजारी उभं राहून कुणाकडून भाषांतर करवून घ्यायचा बेत असेल तर सोडा, वेळ दुप्पट होतो आणि दोन्हीकडची माणसं निम्मा वेळ कंटाळतात. ही वाक्यं जावयांकडून मोबाईलवर आवाजात मागवून घ्या आणि ऐकून-ऐकून म्हणा. देवनागरीत लिहिलेलं वाचलं तर ठसका मराठीच येतो. त्यांच्या घरात याहून निराळं बोलत असतील तर जावई सांगतील, त्यांचंच ऐका.

आता हे सगळं एकत्र केलं तर सुरुवात कशी होईल, ते तुमच्यासाठी लिहून देते. रिकाम्या जागी नावं घाला.

«नमस्कार. एल्लरिगू नमस्कार.

विहीणबाई ……, तुम्ही इथे माझ्याशेजारी उभ्या आहात, याचा आम्हा उभयतांना फार आनंद आहे. ज्यांनी हे घर कष्टाने उभं केलं, त्या …… यांना मी नमस्कार करतो. या दोघांनी मुलाला कसं वाढवलंय, ते आम्ही गेलं वर्षभर जवळून पाहतोय.

काका ……, काकू ……, हे कार्य तुम्ही आपल्या मुलाचं समजून पार पाडलंत. तुमचं मनापासून स्वागत. आणि आज आपल्यात सगळ्यात मोठ्या आहेत त्या आमच्या …… आजी. आजी, तुम्ही आलात, आम्हाला सगळं मिळालं.

धारवाड-हुबळीहून एवढा प्रवास करून आलेल्या सर्व मंडळींचं, दोन्ही घरच्या मामा-मामी, आत्या, मावश्या, काका-काकू, भावंडांचं, कारखान्यातल्या माझ्या सहकाऱ्यांचं, आमच्या गल्लीतल्या आणि तालमीतल्या सगळ्यांचं, आणि या दोघांच्या मित्रमैत्रिणींचं मी आणि माझी पत्नी …… स्वागत करतो. सकाळपासून ज्यांनी कार्याला हातभार लावला, त्यांनी आता बसून घ्या.

या दोघांनी एकमेकांना निवडलं आणि आम्हा दोन्ही घरांना ते मनापासून आवडलं. ……, आणि ……, सुखाने राहा.

धारवाडच्या मंडळींना रात्रीचा प्रवास आहे, म्हणून त्यांची पानं आधी वाढतोय, कोल्हापूरकरांनी जरा दम धरावा. कुणीही उपाशी जायचं नाही. ऊटा माडकोंडे होगबेकु.»

सावकाश म्हटलं तरी याला दोन मिनिटांच्या आसपास लागतील. मोठ्याने म्हणून घड्याळ लावून पाहा. मनातल्या मनात वाचलं तर वेळ निम्मा वाटतो, त्यावर विसंबू नका. तीन मिनिटांच्या वर गेलं तर हाकांमधलं काहीतरी कमी करा, विहीणबाईंचं वाक्य नाही.

गळा दाटण्याचं म्हणाल तर, तो कुठे दाटतो ते तुम्हाला आधीच माहीत आहे, हीच सोय आहे. मुलीचं नाव मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय, आणि त्यानंतर लगेच पानं वाढण्याचं बोलणं आहे. माणसाचा आवाज आठवणींनी फुटतो, पंगतीच्या व्यवस्थेने नाही. स्वागताच्या भागात तिच्या लहानपणाची एकही गोष्ट घालू नका, शाळेचा पहिला दिवस नको, सायकल नको. त्या गोष्टी सांगायच्याच असतील तर रात्री पाहुणे गेल्यावर घरच्यांच्या घोळक्यात सांगा. इतकं करूनही तिचं नाव घेताना आवाज अडकला तर माईक तोंडापासून खाली घ्या, एक घोट पाणी प्या आणि पुढच्या वाक्यावर जा, तेच वाक्य पुन्हा म्हणायला जाऊ नका, दुसऱ्यांदा ते हमखास अधिक अडकतं. सौभाग्यवतींच्या हातात कागदाची दुसरी प्रत असू द्या. तुम्हाला अगदीच जमलं नाही तर जेवणाचा शेवटचा परिच्छेद त्या वाचतील, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटणार नाही.

कागद म्हणजे मोबाईल नव्हे. स्टेजवरच्या दिव्यांत मोबाईलचा पडदा दिसत नाही, मध्येच कुणाचा तरी फोन येतो, आणि फोटोत बाप मोबाईल बघताना दिसतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात, एका ओळीत चार-पाचच शब्द, असं लिहा. कन्नड वाक्यं वेगळ्या शाईने.

माईकची ओळख दुपारीच करून घ्या. सकाळचं कार्य उरकलं की साउंडवाला मोकळा असतो. त्याला सांगा की मला साडेसातला बोलायचंय, नवी बॅटरी घाला, आणि मी कुठे उभा राहू ते दाखवा. कर्ण्याच्या समोर उभं राहिलं की माईक शिट्टी मारतो, म्हणून तुमची जागा स्पीकरच्या मागच्या अंगाला हवी. माईक हनुवटीपासून चार बोटांवर, तोंडाच्या किंचित खाली धरा. तो ठोकू नका, त्यात फुंकू नका, पहिला शब्द नमस्कार असू द्या. विहीणबाई उजव्या बाजूला उभ्या असतील तर माईक डाव्या हातात धरा, म्हणजे त्यांच्याकडे वळून हात जोडल्यासारखं करता येईल आणि फोटोत त्यांचा चेहरा झाकला जाणार नाही.

पुढच्या आठवड्यात धारवाडला त्यांच्याकडचं रिसेप्शन असेल तर तिथे तुम्हालाही बोलायला सांगतील. तिथे ‘स्वागत’ हा शब्द वापरू नका. तिथले यजमान विहीणबाई आणि काका. तुम्ही पाहुणे, तुम्ही फक्त आभार मानायचे, तेही मिनिटभरात, आणि तिथे कन्नड वाक्यं दोनाऐवजी तीन झाली तरी चालतील.

राहता राहिलं आदल्या रात्रीचं. जावयांना फोन करून बसमधून ऐनवेळी कोण वाढलंय, कोण येत नाही, ते विचारून घ्या. वयाने सगळ्यात मोठं माणूस बहुतेक वेळा याच फोनमध्ये बदलतं. एखाद्या आजींची तब्येत बिघडलेली असते, किंवा येणार नाही म्हणाल्या होत्या त्या हट्टाने बसमध्ये बसलेल्या असतात. तिसऱ्या नावाची जागा म्हणून कागदावर पेन्सिलने लिहा.